जॉइंटमधल्या सहा रिंगा: कोयना परिसरातल्या एका पाचमजली इमारतीची तपासणी

पाटण तालुक्यातली ही इमारत. तळमजला अधिक चार मजले, प्रत्येक मजला तीन मीटर उंच, सगळी आरसीसी फ्रेम, शिअर वॉल एकही नाही. माझ्याकडे ती डिझाइनसाठी नाही, तपासणीसाठी आली. मूळ डिझाइन दुसऱ्या कार्यालयाचं होतं. मालकाच्या एका नातेवाइकाने ‘कोयनेच्या पट्ट्यात बांधतोय, दुसऱ्या माणसाकडून एकदा बघून घे’ असं सांगितलं, म्हणून नकाशे माझ्या टेबलावर आले. तेव्हा साइटवर फुटिंगचे खड्डे खोदून पीसीसी झालं होतं. कॉलम उभे राहायचे होते, म्हणजे बदल करायला जागा होती.

११ डिसेंबर १९६७ चा भूकंप या पट्ट्यात अजून घराघरांत सांगितला जातो. भूकंपभाराच्या आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कोयना परिसर झोन चारमध्ये आहे. पुणे, मुंबई एक पायरी कमी धोक्याच्या झोन तीनमध्ये. पुण्यात चालणारी कॉलमची मापं सवयीने इकडे उचलून आणली की काय होतं, ते या इमारतीत दिसलं.

सॉफ्टवेअरच्या निकालपत्रात सगळे कॉलम पास होते. एकही लाल ओळ नव्हती. तरीही मी पहिल्या मजल्याच्या स्लॅबपातळीवरचा एक आतला जॉइंट, म्हणजे बीम आणि कॉलम मिळतात ती जागा, निवडला आणि हाताने गणित मांडलं. हा जॉइंट निवडायचं कारण सरळ होतं. आर्किटेक्टने खोलीत कोपरा बाहेर येऊ नये म्हणून कॉलम ३०० बाय ४५० घेतला होता आणि एक्स दिशेत, म्हणजे जिकडे बीमचे गाळे लांब आहेत तिकडे, त्याची ३०० ची बाजू येत होती. कॉलमची बारीक बाजू आणि बीमची जड बाजू एकाच दिशेला आली की मी तिथे थांबतोच.

आधी जॉइंटवर काय काय आहे ते सांगतो. काँक्रीट एम २५, सळई एफई ५०० डी. कॉलम ३०० बाय ४५०, त्यात १६ मिमीच्या आठ सळया. बीम २३० बाय ५००, सपोर्टजवळ वर २० मिमीच्या तीन आणि खाली १६ मिमीच्या तीन सळया. जॉइंटला चारही बाजूंनी बीम येतात, सगळे २३० रुंद. रिंगा ८ मिमीच्या, कॉलमच्या टोकांना १०० मिमी अंतरावर आणि मधे १५० वर. जॉइंटच्या आत रिंगा किती, यावर नकाशात एक अक्षरही नव्हतं.

सॉफ्टवेअरने हा कॉलम पास कसा केला, हे समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण त्याने चूक केलेली नव्हती. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. आतल्या जॉइंटवर बीमच्या दोन्ही बाजूंना स्वतःच्या वजनामुळे साधारण ८० किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, येतो. डावीकडचा आणि उजवीकडचा एकमेकांना तोलतात, त्यामुळे त्यातलं कॉलमकडे जवळपास काही जात नाही. भूकंपाचा भार आला की एका बाजूला ८० ची भर पडते आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच कमी होतात. म्हणजे बीमला एका टोकाला १६० साठी डिझाइन करावं लागतं. भूकंप उलट्या दिशेनेही येतो, म्हणून दुसऱ्या टोकालाही तेवढीच सळई. कॉलमला मात्र फक्त भूकंपाचे ८० अधिक ८० मिळतात, वरच्या आणि खालच्या कॉलममध्ये वाटून प्रत्येकी ८० च्या आसपास. मूळ कॉलमची ताकद ९५ च्या घरात आहे. पास.

पण आयएस १८९३ चा भूकंपभार हा मुळातच कमी केलेला असतो. इमारत लवचीक राहील, बीमची टोकं वाकतील, ऊर्जा तिथे खर्च होईल, असं गृहीत धरून आपण खरा भार काही पटींनी भागलेला असतो. मोठा भूकंप आला की बीमची सळई यील्ड होणार, म्हणजे ताणून कायमची लांबणार, हे ठरलेलंच आहे. मग त्या क्षणी कॉलमवर किती मोमेंट येईल? तेव्हा विश्लेषणातले ८० कामाचे नाहीत. बीममध्ये प्रत्यक्षात घातलेली सळई जेवढा मोमेंट देऊ शकते, तेवढा सगळा कॉलमने झेलायचा आहे. बीमने आपली पूर्ण ताकद लावून कॉलमला पिळलं तर कॉलम टिकतो का, एवढंच ही तपासणी विचारते.

भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी बांधणीचं मानक, आयएस १३९२०, त्याची २०१६ ची आवृत्ती ती अशी लिहिते:

```
ΣMc ≥ 1.4 ΣMb
```

डावीकडे जॉइंटला मिळणाऱ्या वरच्या-खालच्या कॉलमच्या डिझाइन मोमेंट ताकदीची बेरीज, उजवीकडे दोन्ही बाजूंच्या बीमची. इमारत एका दिशेला झुकली की एका बीममध्ये वरची सळई ताणली जाते आणि दुसऱ्यात खालची, म्हणून बीमच्या बेरजेत एक होगिंगची ताकद घ्यायची आणि एक सॅगिंगची. बीममधले मोमेंट एकाच फिरकीचे, कॉलमचे त्याच्या उलट फिरकीचे. कॉलमची ताकद काढताना अक्षीय भार त्या दिशेच्या भूकंपाच्या सगळ्या लोड कॉम्बिनेशनपैकी कॉलमची ताकद कमीत कमी दाखवणारा घ्यायचा. अशा इमारतीत तो बहुतेक वेळा ०.९ डेड लोडवाल्या कॉम्बिनेशनमधून येतो. इथे अनेकजण चुकतात. भाराच्या या टप्प्यात मोठा अक्षीय भार धरला की कॉलमची मोमेंट ताकद वाढलेली दिसते आणि गुणोत्तर उगाच छान येतं.

आता आकडे. बीमच्या वरच्या तीन २० च्या सळया म्हणजे ९४२ चौरस मिमी. खालच्या सळईचा कॉम्प्रेशनमधला हातभार धरून होगिंगची ताकद १६५ किलोन्यूटन-मीटर येते. खालच्या तीन १६ च्या म्हणजे ६०३ चौरस मिमी, वर स्लॅबचं फ्लँज कॉम्प्रेशनला मिळतं, त्यामुळे सॅगिंगची ताकद ११५. बेरीज २८०. त्याच्या १.४ पट ३९२.

कॉलमचा कमीत कमी अक्षीय भार जॉइंटच्या खाली ५५० किलोन्यूटन आणि वर ४३० किलोन्यूटन. ३०० खोलीच्या दिशेने वाकवला तर खालचा कॉलम ९६ आणि वरचा ९५ देतो. बेरीज १९१.

लागतात ३९२, आहेत १९१. गुणोत्तर १.४ च्या जागी ०.६८. म्हणजे इथे कॉलम बीमपेक्षा जेमतेम मजबूत आहे असंही नाही, तो बीमच्या दोन तृतीयांश आहे. मोठ्या धक्क्यात बीम अजून सरळच असेल आणि कॉलम वर-खाली दोन्ही टोकांना वाकलेला असेल. एका मजल्यावरचे सगळे कॉलम असे वाकले की तो मजला बाजूला सरकतो आणि वरचे चार मजले त्याच्यावर बसतात. बीमचं टोक मोडलं तर एक गाळा लोंबकळतो, बाकी इमारत उभी राहते. हा फरक जीव वाचण्याचा आणि न वाचण्याचा आहे, म्हणून हा आकडा ०.६८ दिसला तेव्हा मी त्याच संध्याकाळी मालकाला फोन केला.

गुणोत्तराच्या आधी आणखी एक गोष्ट याच जॉइंटवर नापास होती आणि तिला गणितही लागत नाही. त्याच मानकानुसार कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिमी हवी आणि शिवाय जॉइंटमधून जाणाऱ्या बीमच्या सर्वांत जाड सळईच्या वीसपटीपेक्षा कमी नको. सळई २० ची, म्हणजे ४०० हवेत. कारण जॉइंटच्या एका तोंडाशी तीच सळई ओढली जाते आणि दुसऱ्या तोंडाशी ढकलली जाते. एवढ्या ३०० मिमीत काँक्रीटने तिला धरून ठेवायचं असतं. पकड सुटली की सळई जॉइंटमधून पुढे-मागे सरकू लागते आणि बीमचं टोक ढिलं होतं.

मूळ डिझाइन करणाऱ्या तरुण इंजिनिअरशी बोललो. त्याने मनमोकळेपणाने ऐकून घेतलं आणि एक पर्याय सुचवला: “सर, मानकात एक वाट आहे ना? जो कॉलम ही तपासणी पास करत नाही, तो फक्त गुरुत्वभाराचा समजायचा.” वाट आहे, बरोबर. पण ती घ्यायची तर त्या कॉलमला भूकंपाच्या फ्रेममधून वगळायला लागतं आणि उरलेल्यांनी सगळा आडवा भार घ्यायला लागतो. शिअर वॉल असलेल्या इमारतीत हे जमतं. इथे एक्स दिशेचे जवळपास सगळेच कॉलम याच मापाचे होते. सगळ्यांना वगळलं तर भूकंप घ्यायला उरलं कोण?

दुसरा विचार बीम कमी मजबूत करण्याचा. तपासणी गुणोत्तराची आहे, म्हणून खालचा आकडा लहान करणं हाही रास्त उपाय आहे, आणि बऱ्याचदा बीममध्ये विनाकारण जास्त सळई घातलेली असते. ‘जास्त सळई म्हणजे जास्त सुरक्षित’ हे बीमच्या टोकाला खरं नाही. पण इथे वरची सळई हिशेबाला नेमकी होती, कमी करता येत नव्हती. खालची मात्र साधारण जास्त होती. तिला १२ वर आणलं असतं तर वरच्या सळईच्या निम्मी खाली हवी हा नियम मोडला असता. ती तशीच ठेवली.

कॉलम फिरवून ४५० ची बाजू एक्सकडे नेली तर वाय दिशेला ३०० येतात आणि २० मिमीच्या सळईचा प्रश्न तिकडे उभा राहतो. मग कॉलम मोठा करण्यावाचून उरलं नाही. मालकाने आर्किटेक्टशी बोलून ४०० बाय ४५० ला होकार दिला, एक्स दिशेत ४०० ठेवून. सळई १६ च्या जागी २० च्या आठ. हे मी मोजलं: खालचा कॉलम १९७, वरचा १९२, बेरीज ३८९. गुणोत्तर १.३९.

मालक म्हणाले, “इंजिनिअरसाहेब, एका शतांशासाठी कुठे अडता?” विचारणं साहजिक होतं, पण मी अडलो. त्याची कारणं आकड्याच्या पलीकडची आहेत. पहिलं, बीमच्या २८० मध्ये स्लॅबची सळई धरलेलीच नाही. बीमला समांतर जाणारी स्लॅबची वरची सळईही होगिंगच्या वेळी ताणली जाते. बीमच्या दोन्ही बाजूंना साठेक सेंटिमीटरमधल्या ८ मिमीच्या आठ सळया धरल्या तर होगिंगची ताकद ६५ ते ७० ने वाढते. म्हणजे खरी बेरीज २८० नाही, ३५० च्या जवळ आहे. ३८९ ला तिने भागलं तर १.१२ उरतात. दुसरं, ही तपासणी एका वेळी एकाच दिशेची असते. खरा धक्का तिरका येतो, तेव्हा कॉलम दोन्ही दिशांनी एकदम वाकतो आणि त्याची ताकद एकदिशीय आकड्यापेक्षा कमी भरते. १.४ मधला जास्तीचा ०.४ नेमका अशाच गोष्टींसाठी ठेवलेला आहे. त्यातलाच थोडा आधीच खाऊन टाकायचा नसतो.

शेवटी ४५० बाय ४५० ठरला, सळई तीच, २० च्या आठ. खालचा २३७, वरचा २३१, बेरीज ४६८. गुणोत्तर १.६७. स्लॅबची सळई धरूनही १.३४. मोठ्या कॉलममुळे फ्रेम थोडी कडक होते आणि भूकंपाचा भार वाढतो, म्हणून सगळं विश्लेषण पुन्हा चालवून घेतलं. बीमची सळई बदलावी लागली नाही.

या १.६७ नेही काम संपत नाही. कॉलम मजबूत झाला की बीमकडून येणारा सगळा जोर त्या दोघांच्या मधल्या ठोकळ्यात, म्हणजे जॉइंटमध्ये, येऊन साचतो. जॉइंट म्हणजे इथे ४५० बाय ४५० बाय ५०० चा काँक्रीटचा ठोकळा. एका बाजूने वरच्या सळया त्याला ओढतात, दुसऱ्या बाजूने बीमचं कॉम्प्रेशन त्याच दिशेने ढकलतं. तळाशी नेमकं उलट. ठोकळ्याच्या कर्णावर ताण येतो आणि धक्का दिशा बदलतो तसा दुसऱ्या कर्णावर. भूकंपानंतर मोडलेल्या जॉइंटवर इंग्रजी एक्ससारख्या भेगा दिसतात, त्या याच.

हा शियर असा मोजला. यील्ड झालेली सळई तिच्या लिखित ताकदीपेक्षा वर जाते, म्हणून १.२५ पट धरली. वरच्या तीन २० च्या सळयांचा जोर ५८९ किलोन्यूटन, समोरच्या बीमच्या खालच्या सळयांचा ३७७. बेरजेतून कॉलमचा शियर सुमारे १३० वजा केला. जॉइंटमधला शियर ८३५ किलोन्यूटन. आता ताकद. बीमने चारही बाजूंनी जॉइंट नीट झाकला असेल तर काँक्रीटची शियर ताकद १.५ गुणिले एम २५ चं वर्गमूळ घेता येते, तीन बाजूंनी असेल तर १.२, नाहीतर १.०. बीम चारही बाजूंनी आहेत खरे, पण २३० रुंदीचा बीम ४५० च्या कॉलमचं तोंड अर्ध्यावरच झाकतो. बंदिस्त म्हणायचं तर कॉलमच्या रुंदीच्या तीनचतुर्थांश, म्हणजे ३३८ मिमी तरी बीम हवा. म्हणून मी १.० धरलं, म्हणजे चौरस मिमीला ५ न्यूटन. नव्या कॉलमला १०१२ किलोन्यूटन मिळतात. पुरतात. ४०० वाल्या पर्यायाला ८६० मिळत होते, काठावर. आणि मूळ ३०० वाल्याला ५७०. म्हणजे कॉलम टिकला असता तरी मूळ जॉइंट स्वतःच फुटला असता. एकाच ठिकाणी तीन तपासण्या नापास होत्या आणि निकालपत्रात त्यातली एकही नव्हती.

आता रिंगा. इथूनच साइटशी संबंध येतो, म्हणून जरा सावकाश.

कॉलमचं बाहेरचं ४० मिमीचं कव्हर मोठ्या भूकंपात सुटून पडतं. उरतो रिंगांच्या आतला गाभा, ३७० बाय ३७०. तो दाबला गेला की बाहेर फुगू पाहतो आणि रिंगा त्याला आवळून धरतात. आवळलेलं काँक्रीट जास्त दबतं पण भुगा होत नाही. कॉलमचा भार शेवटी याच गाभ्यावर उभा राहतो. म्हणून मानक अट घालतं की रिंगांनी गाभ्याची ताकद एवढी वाढवावी की कव्हर गेल्याची भरपाई व्हावी:

```
Ash = max[ 0.18 sv h (fck/fy)(Ag/Ak - 1),  0.05 sv h (fck/fy) ]
```

Ash म्हणजे रिंगेच्या एका सळईचं क्षेत्रफळ, sv रिंगांमधलं अंतर, h रिंगेची मोठी बाजू बाहेरून बाहेर, Ag पूर्ण कॉलम आणि Ak गाभा. h ३०० पेक्षा जास्त चालत नाही. साधी चौकोनी रिंग घातली तर h ३७० येतो, म्हणजे ती एकटी चालणारच नाही. मधल्या सळईला धरणारा आडवा टाय दोन्ही दिशांना लागतो. तो घातला की h १८५ वर येतो. अंतर किती? कॉलमच्या बाजूच्या एक चतुर्थांश म्हणजे ११२, सळईच्या सहापट म्हणजे १२०, आणि १०० ची मर्यादा. यात सर्वांत कमी १००.

१०० अंतर धरून सूत्रात घातलं तर लागतात ८० चौरस मिमी. ८ मिमीच्या रिंगेचं क्षेत्रफळ ५०. नकाशातली ‘८ मिमी, १०० अंतर’ ही नेहमीची ओळ इथे सरळ नापास होते. ८ चीच ठेवायची तर दर ६३ मिमीला एक रिंग लागेल आणि मग काँक्रीट आत जायचं नाही. १० मिमीची रिंग ७८.५ देते, १०० वर हलकेच कमी पडते. म्हणून १० मिमीची रिंग ९० अंतरावर. बऱ्याच नकाशांवर मला ‘८ मिमी, १०० अंतर’ हे डोळे मिटून लिहिलेलं दिसतं. लहान कॉलममध्ये कव्हरचा वाटा मोठा असतो, त्यामुळे Ag/Ak चं पद मोठं होतं आणि रिंगाही जास्त लागतात. कॉलम लहान म्हणून रिंग बारीक चालेल, हा समज नेमका उलटा आहे.

९० चं हे अंतर जॉइंटच्या वर आणि खाली ४५० मिमीपर्यंत ठेवायचं. आणि जॉइंटच्या आत? चारही बाजूंचे बीम तीनचतुर्थांश रुंद असते तर निम्म्या रिंगा आणि १५० पर्यंत अंतर चाललं असतं. आपले बीम अरुंद आहेत. म्हणून आतही पूर्ण, म्हणजे ५०० च्या खोलीत सहा रिंगा.

पहिल्या स्लॅबच्या वेळी फिटर मला म्हणाला, “साहेब, जंक्शनमध्ये रिंग बसत नाही. बीम खाली उतरत नाही.” तो खोटं बोलत नव्हता. आपल्याकडे बीमची जाळी शटरिंगच्या वर उचलून बांधतात आणि मग एकदम खाली सोडतात. कॉलमच्या सळयांना आधीच जॉइंटच्या रिंगा बांधल्या असतील तर बीमच्या सळया त्यांच्यावर अडकतात. म्हणून फिटर रिंगा घालतच नाही, किंवा नंतर दोन तुकडे खुपसून तारेने बांधल्यासारखं करतो. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, कारण त्यावर बीमच्या सळयांचा गुंता असतो.

आम्ही क्रम बदलला. बीम वर उचललेल्या अवस्थेतच दोन्ही दिशांच्या खालच्या सळया कॉलममधून ओवल्या. मग जमिनीवर पाच रिंगांची एक छोटी जाळी बांधली, कोपऱ्यांना ८ मिमीचे चार उभे तुकडे लावून, म्हणजे अंतर हलणार नाही. ही जाळी कॉलमच्या उघड्या टोकांवरून खाली सरकवली, ती खालच्या सळयांवर येऊन बसली. त्यानंतर वरच्या सळया ओवल्या आणि पाचही रिंगा बीमच्या दोन थरांच्या मधे अडकून, बीमबरोबरच खाली उतरल्या. सहावी रिंग सगळ्यात शेवटी, वरच्या सळयांच्या वर सरकवली. खालच्या कॉलमची शेवटची रिंग बीमच्या तळाला लागूनच ठेवली होती, त्यामुळे कुठेही ९० पेक्षा जास्त फट राहिली नाही. पहिल्या जॉइंटला फिटरचा अर्धा दिवस गेला, चौथ्यापासून तो एकटा करू लागला.

दोन गोष्टी तरीही अडल्या. कॉलमच्या प्रत्येक तोंडाच्या मधोमध एक सळई आहे आणि बीमची मधली सळईही तिथेच येते. ती थोडी बाजूला घ्यावी लागली. आणि एक्स व वाय बीमच्या वरच्या सळया एकाच पातळीवर येऊ शकत नाहीत, एकीला दुसरीच्या खाली जावंच लागतं. म्हणून वाय बीमची परिणामकारक खोली २० मिमी कमी धरून त्याचं डिझाइन आधीच तपासून ठेवलं होतं. हे नकाशात आधी सांगितलं नाही तर फिटर त्याच्या सोयीने जड बीमची सळई खाली घालतो.

रिंगांचे हुक हा माझा हट्टाचा मुद्दा. दोन्ही टोकं १३५ अंशांत वळवून गाभ्याच्या आत गेली पाहिजेत आणि पुढे सळईच्या सहापट, किमान ६५ मिमी, शेपूट हवी. १० च्या रिंगेला सहापट म्हणजे ६०, म्हणून इथे ६५ च लागू. काटकोनात वळवलेला हुक कव्हरमध्ये असतो, कव्हर सुटलं की तो उघडतो आणि रिंग आवळायची थांबते. २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादेत कोसळलेल्या आणि तडकलेल्या इमारतींच्या कॉलममध्ये अशाच उघडलेल्या रिंगा आणि बाहेर फुगलेल्या सळया दिसल्या होत्या, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असूनही. ओतण्याआधी मी बोटाने हुकच्या शेपटीला आतून हात लावून बघतो. ती हाताला कॉलमच्या मध्याकडे टोचली पाहिजे. तोंडाशी समांतर लागली तर रिंग परत.

एवढ्या सळया म्हटल्यावर काँक्रीट उतरायचा प्रश्न येतो. जॉइंटसाठी १० ते १२ मिमीची खडी वापरली आणि व्हायब्रेटरची २५ मिमीची सुई. ४० ची सुई सळयांमध्ये अडकते आणि कामगार ती वरवर फिरवून पुढे जातो. स्लॅबचं शटरिंग उतरवल्यावर जॉइंटच्या खालच्या कोपऱ्यावर हातोडी वाजवून पाहिलं. एका ठिकाणी पोकळ आवाज आला. बीम आणि कॉलमच्या आतल्या कोनात मुठीएवढं हनीकोंब होतं. तिथलं सैल काँक्रीट काढून ग्राउटने भरलं. त्याच्या पुढच्या स्लॅबला तिथे एक माणूस फक्त सुई धरायला ठेवला.

वरच्या मजल्यांवर अक्षीय भार कमी होत जातो, तशी कॉलमची मोमेंट ताकदही थोडी घटते, पण बीम तेच राहतात. म्हणून प्रत्येक पातळीला गुणोत्तर पुन्हा मोजलं. छताखालच्या मजल्यापर्यंत ते १.४ च्या वर राहिलं. छताच्या जॉइंटला वर कॉलमच नाही, त्यामुळे तिथे गुणोत्तर जवळजवळ निम्मं होतं. चार मजल्यांपेक्षा उंच इमारतीत मानक छताच्या जॉइंटला ही तपासणी माफ करतं, कारण तिथे कॉलमचं टोक वाकलं तरी वर कोसळायला दुसरा मजला नसतो. ही माफी मी साइटवर सहज बोलून गेलो होतो. छताच्या स्लॅबला जाऊन पाहिलं तर चार जॉइंटमध्ये रिंगांची जाळी नव्हती. फिटर म्हणाला, “साहेब, तुम्हीच म्हणालात ना वर सूट आहे.” सूट गुणोत्तराची आहे, रिंगांची नाही. छताचा कॉलम वाकणार हे मान्य केलं, म्हणजे तिथलाच गाभा जास्त आवळलेला हवा. बीमच्या वरच्या सळया काढून चारही जॉइंटमध्ये जाळ्या सरकवल्या, त्यात दुपार गेली आणि ओतणं दुसऱ्या दिवशी सकाळी झालं.